कापड कापण्याआधीचा मेसेज

(महासंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी शिवणकाम करणाऱ्या गटांसमोर मांडलेला विषय. ज्या मैत्रिणींना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी तो बोलल्याप्रमाणेच छापत आहोत.)



आज मी कर्जफेडीवर किंवा नोंदवह्यांवर बोलणार नाही. आज फक्त एका मेसेजवर बोलायचंय. नवीन गिऱ्हाईक ऑर्डर देतं तेव्हा आपण त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर जो पहिला मेसेज टाकतो, हात जोडलेला आणि फुलं लावलेला, तोच.

आपल्यातल्याच एका गटाने गेल्या वर्षी पाठवलेला मेसेज त्या सचिव ताईंची परवानगी घेऊन वाचून दाखवते. गटाचं नाव सांगत नाही. तुमच्यातल्या निम्म्या जणींच्या मोबाईलमध्ये असाच मेसेज सापडेल.

“नमस्कार शेठ. आमच्या गटाच्या परिवारात आपले मनःपूर्वक स्वागत आहे. आम्ही उत्तम दर्जाच्या कापडी पिशव्या शिवून देतो. आपण आमच्यावर विश्वास टाकून ऑर्डर दिलीत त्याबद्दल आभारी आहोत. पैशाचं आपलं नंतर बघू, काळजी नसावी.”

हसू नका. मेसेज गोड आहे. पण सगळ्यात महाग वाक्य त्यात शेवटी आहे. “पैशाचं नंतर बघू.” हे वाक्य गटाला ६४० रुपयांना पडलं. कसं, ते सांगते.

ऑर्डर होती ४०० पिशव्यांची. मांजरपाट, १४ बाय १६ इंच, दोन बंद, एका बाजूला दुकानाचं नाव एका रंगात छापायचं. दर ठरला ४२ रुपये, म्हणजे एकूण १६,८०० रुपये. आता यात गटाच्या खिशातून आधी काय जातं बघा. ३६ इंच पन्ह्याचा मांजरपाट घेतला तर एका पिशवीला बंदासकट साधारण १९ इंच कापड लागतं. ४०० पिशव्यांचे होतात १९३ मीटर. थोडं वाया जाणारं धरून आपण २०० मीटर आणलं, ४० रुपये मीटरने, म्हणजे ८,००० रुपये. छपाई पिशवीला ४ रुपये, ते १,६००. दोरा, गठ्ठे बांधायची सुतळी, माल पोचवायचा टेम्पो मिळून ४००. झाले १०,०००. उरलेले ६,८०० ही पाच बायकांची मजुरी. पिशवीला १७ रुपये, प्रत्येकीच्या ८० पिशव्या, प्रत्येकीला १,३६० रुपये.

शेठनी ऑर्डर देताना २,००० रुपये दिले होते. “हे ठेवा, बाकी माल आल्यावर.” आपल्याला वाटलं, चला, आगाऊ मिळालं. पण खर्च १०,००० चा, मग बाकीचे ८,००० आणायचे कुठून? गटातूनच अंतर्गत कर्ज काढलं, शेकडा २ रुपये महिन्याने. माल वेळेत गेला आणि शेठना आवडलाही. पैसे मात्र आले चार हप्त्यांत. शेवटचा हप्ता चौथ्या महिन्याच्या शेवटी आला आणि तेव्हाच कर्ज फिटलं. ८,००० वर महिन्याला १६० रुपये व्याज, चार महिन्यांचे ६४०. ते पाच जणींच्या मजुरीतून वजा झाले, प्रत्येकीचे १२८ रुपये. पिशवीला १७ रुपये धरले तर प्रत्येकीने साडेसात पिशव्या फुकट शिवल्या.

शिवाय तालुक्याला घातलेल्या फेऱ्या वेगळ्या. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट असलं तरी अर्धा दिवस तर जातोच ना?

आता शेठ लबाड होते का? मला तसं वाटत नाही. मी स्वतः त्यांच्याकडे गेले होते. ते म्हणाले, “मॅडम, तारीख कुठं ठरली होती? बायकांनीच लिहिलंय नंतर बघू.” आणि मोबाईल काढून आपलाच मेसेज मला दाखवला. काय बोलणार? व्यापाऱ्याच्या टेबलावर दहा जणांची देणी पडलेली असतात. ज्याची तारीख लिहिलेली असते त्याला तो आधी देतो आणि ज्याने “काळजी नसावी” म्हटलंय त्याला शेवटी. यात त्याचा स्वभाव वाईट असायची गरज नाही.

म्हणून या वर्षी त्याच गटाला दुसऱ्या एका साडी दुकानाची तेवढीच ऑर्डर आली तेव्हा आम्ही ठरवलं की मेसेज आधी बदलायचा. पहिला खर्डा मी लिहिला आणि तो बिघडला, हेही सांगते. मी एमएसडब्ल्यू झालेली, ट्रेनिंगमध्ये करारनामे पाहिलेले. मी लिहिलं, “अटी व शर्ती खालीलप्रमाणे. ६० टक्के रक्कम आगाऊ भरणे बंधनकारक. विलंब झाल्यास दंड आकारण्यात येईल.” सचिव ताईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, “मॅडम, हा मेसेज आहे का वीज तोडायची नोटीस?” मी हट्टाने तसाच पाठवला. दुकानदार दादांचं दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला, “ताई, काम द्यायचंय ना मला, का कोर्टात जायचंय?” ऑर्डर थोडक्यात वाचली.

मग आम्ही सहा जणी बसलो आणि एकेक ओळ पुन्हा लिहिली. सगळ्यात जास्त वेळ दोन गोष्टींवर गेला, आगाऊ किती आणि उशीर झाला तर किती.

आगाऊचं बघू. सगळीकडे “निम्मे आगाऊ” म्हणायची पद्धत आहे. आपल्या हिशोबात निम्मे म्हणजे ८,४००, आणि खर्च १०,०००. म्हणजे निम्मे घेतले तरी १,६०० आपण आपल्याकडचे घालणार. म्हणून पद्धत बाजूला ठेवा आणि कागदावर मांडा की माल हातात देईपर्यंत आपल्या खिशातून किती जाणार आहे. तोच आकडा आगाऊचा. पिशव्यांना तो जवळजवळ ६० टक्के येतो. गिऱ्हाईक स्वतःचं कापड देऊन ब्लाऊज शिवून घेत असेल तर अगदी थोडा येईल. सगळ्या कामांना एकच टक्का लावू नका. आणि मेसेजमध्ये टक्के लिहूच नका, सरळ रुपये लिहा. टक्क्यावर लोक घासाघीस करतात. “कापड आणि छपाईचे १०,०००” म्हटलं की त्यांना कळतं हे पैसे कुठे जाणार.

आता उशिराचं. इथे आमची चांगली वादावादी झाली. एका मावशींचं म्हणणं होतं, रोजचे १०० रुपये लावा म्हणजे शहाणे होतील. राग मी समजू शकते. पण बाकी ६,८०० आणि रोजचे १०० धरले तर दोन महिन्यांत आकार ६,००० होतो, जवळजवळ मुद्दलाएवढा. असं कोणी देत नाही आणि आपणही मागायला लाजतो. मग ती ओळ नुसती लिहायची राहते. कायद्यातही ते टिकणं अवघड. करार कायदा १८७२ चा आहे, त्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात रक्कम लिहिलेली असली तरी त्या रकमेच्या आत राहून वाजवी तेवढीच भरपाई मिळते. धाक दाखवायला लिहिलेला मोठा आकडा उपयोगाचा नाही.

मग आम्ही उलटा हिशोब केला. पैसे उशिरा आले तर आपलं खरोखर किती जातं? ६,८०० वर शेकडा २ ने महिन्याला १३६ रुपये, म्हणजे आठवड्याला ३४. त्यात फोन आणि एखाद्या फेरीचा खर्च धरला. आकडा ठरला, आठवड्याला ५० रुपये. तो कुठेतरी थांबायला हवा म्हणून जास्तीत जास्त ४०० रुपये, म्हणजे आठ आठवडे. आणि “दंड” हा शब्द काढून टाकला. दंड पोलीस घेतात. आम्ही लिहिलं “उशीर आकार”.

तयार झालेला मेसेज असा:

“नमस्कार दादा. आमच्या गटाला काम दिलंत, आभारी आहोत. कापड आणण्याआधी आपलं ठरलेलं एकदा लिहून पाठवते. वाचून ‘मान्य’ एवढं कळवा.

काम: मांजरपाटाच्या ४०० पिशव्या, १४ बाय १६ इंच, एका बाजूला एका रंगात छपाई. दर ४२ रुपये, एकूण १६,८०० रुपये.

आगाऊ: कापड आणि छपाईचे १०,००० रुपये, गटाच्या बँक खात्यात. ते जमा झाले की दुसऱ्या दिवशी कापड आणतो. तिथून १२ दिवसांत माल दुकानावर पोचवतो.

बाकी: ६,८०० रुपये, माल मिळाल्यापासून ७ दिवसांच्या आत.

उशीर आकार: ७ दिवसांनंतर दर पूर्ण आठवड्याला ५० रुपये, जास्तीत जास्त ४०० रुपये. आमच्याकडून माल द्यायला उशीर झाला तर त्याच हिशोबाने बिलातून कमी करू.

कापड कापल्यानंतर ऑर्डर रद्द झाली तर आगाऊ रक्कम परत देता येणार नाही. काही बदल हवा असेल तर आजच सांगा.”

यातली “आमच्याकडून उशीर झाला तर” ही ओळ आमच्या डोक्यात नव्हती. ती दादांची. फोनवर ते म्हणाले, “माझ्यासाठी नियम आणि तुम्ही गणपतीच्या सुट्टीवर गेलात तर?” दोन जणी चिडल्या, पण त्यांचं बरोबरच होतं. ती ओळ घातल्यावर त्यांचा सूरच बदलला. आपल्यालाही त्या ओळीने कामाला लावलं. अकराव्या दिवशी रात्री साडेदहापर्यंत मशीन चालू होती.

आगाऊवर मात्र ते अडले. म्हणाले, “नवीन ओळख, १०,००० कसे देऊ? ६,००० देतो.” हे होणारच, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. अशा वेळी आपण पटकन “बरं” म्हणतो आणि फरक गटाच्या डोक्यावर येतो. सचिव ताईंनी तसं केलं नाही. त्या म्हणाल्या, “दादा, ६,००० द्या. आधी २०० पिशव्या देतो. त्याचे पैसे पूर्ण झाले की उरलेल्या २०० ला हात लावतो.” २०० पिशव्यांचा खर्च ५,०००, आणि छपाईची चौकट आणि गाडी दोनदा होणार म्हणून वर थोडं धरलं तरी ६,००० मध्ये भागतं. दुसरा मार्ग असा होता की मांजरपाट दादांनीच व्यापाऱ्याकडून घेऊन द्यायचा आणि आपण शिलाई-छपाईचे पैसे घ्यायचे. दोन्ही ऐकून दादा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “दोनदा कशाला, १०,००० च घ्या.” प्रत्येक जण असं म्हणेलच असं नाही. म्हणाला नाही तर २०० शिवायच्या. पण आकडा कमी करायचा असेल तर कामही तेवढंच कमी व्हायला हवं.

मेसेज पाठवण्याची वेळ फार जपायची. तोंडी ऑर्डर ठरली त्याच दिवशी पाठवायचा आणि “मान्य” आल्याशिवाय कापड आणायचं नाही. निळ्या टिका म्हणजे मान्य नव्हे, त्याने मेसेज उघडला एवढंच त्यातून कळतं. नुसता अंगठा आला तर मी धरत नाही, परत एकदा विचारते, “दादा, बाकी ७ दिवसांत, बरोबर ना?” ज्यांना वाचायचा कंटाळा आहे त्यांना फोनवर वाचून दाखवायचा आणि मग पाठवायचा. आगाऊ रक्कम गटाच्या खात्यावरच घ्यायची. सचिव ताईंच्या फोन नंबरवर यूपीआय करून घेतले की पुढे गटातच कुरबूर होते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणि कापड कापल्यावर, माल निम्मा झाल्यावर हा मेसेज पाठवू नका. एका गटाने पाठवला होता. गिऱ्हाईक म्हणालं, “आधी का नाही सांगितलं?” आणि उशीर आकाराची ओळ त्यांनी मानलीच नाही. काम सुरू झाल्यावर सांगितलेली अट भांडणासारखी ऐकू येते, शब्द तेच असले तरी.

या ऑर्डरीचं पुढे काय झालं? माल बाराव्या दिवशी पोचला. सहाव्या दिवशी सचिव ताईंनी छोटी आठवण पाठवली, “दादा, उद्या बाकीचा ७ वा दिवस आहे.” पैसे सातव्या दिवशी आले नाहीत. आले सतराव्या दिवशी, म्हणजे १० दिवस उशिरा. पूर्ण आठवडा एकच झाला, आकार ५० रुपये. दादांनी ६,८०० च पाठवले.

आता ५० रुपयांसाठी चांगलं गिऱ्हाईक दुखवायचं का? गटात दोन तट पडले. माझं मत असं की सोडायचे तर सोडा, पण गप्प राहून सोडू नका. गप्प राहिलं की त्याला कळतं, ती ओळ नुसतीच लिहिलीय. सचिव ताईंनी लिहिलं, “दादा, ६,८०० मिळाले, आभारी आहे. १० दिवस उशीर झाल्यामुळे ठरल्याप्रमाणे ५० रुपये राहतात. ते पुढच्या बिलात धरू का?” उत्तर आलं, “धरा.” पुढची ऑर्डर ३०० पिशव्यांची आली, त्या आगाऊत ते ५० आले. त्या वेळची बाकी पाचव्या दिवशी आली. ती दोन दिवस आधी का आली ते मी छातीठोक सांगणार नाही, तेव्हा लग्नसराई होती आणि दुकानात पैसा खेळता होता.

कायद्याची एक गोष्ट सांगते, कारण मागच्या सभेत विचारलं होतं. गटाची उद्यम नोंदणी असेल आणि आपण स्वतः माल तयार करत असू, तर २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा आपल्या बाजूने आहे. पैसे देण्याची मुदत लेखी ठरलेली असेल तर ती ४५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. लेखी काहीच नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं आणि सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे. कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. पण खरं सांगू का, ६,८०० रुपयांसाठी परिषदेपर्यंत जाणं आपल्याला परवडत नाही. तो मार्ग मोठ्या बाकीसाठी ठेवा. लहान कामाला आगाऊ रक्कमच राखण करते, कारण बुडालं तरी कापडाचं कर्ज डोक्यावर राहत नाही.

शाळा किंवा सरकारी कचेरीचं काम असेल तर आगाऊ बहुतेक मिळत नाही, तिथे हा मेसेज जसाच्या तसा चालणार नाही. तिथे लेखी कार्यादेश मागा, बिल कोणाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत द्यायचं ते विचारून घ्या आणि गटाला झेपेल एवढंच काम घ्या.

राहिला सगळ्यात अवघड भाग, घरचे लोक. परवा एका गटाच्या अध्यक्षा ताई म्हणाल्या, “मॅडम, परक्याला पाठवेन, पण ऑर्डर माझ्या दिरांची आहे. २०० पिशव्या. त्यांना कसा पाठवू? सासूबाई बोलतील.” तीन दिवस झाले, मेसेज मोबाईलमध्ये लिहून पडलाय आणि दिरांनी “कापड कधी आणताय” म्हणून दोनदा विचारलंय. आम्ही ठरवलंय की तो मेसेज अध्यक्षा ताईंच्या नंबरवरून जाणार नाही. गटाच्या कोषाध्यक्षांच्या नंबरवरून जाईल आणि त्यात “भावजी” असणार नाही, “नमस्कार दादा” असेल. २०० पिशव्यांचे आगाऊ ५,०००, बाकी ३,४००. उशीर आकार आठवड्याला २५. आता सभा संपली की कोषाध्यक्षा काकूंनी माझ्याजवळ थांबा, दोघी मिळून तो पाठवू.